वीजबिलाची तक्रार परत येते? आधी अर्जातले आकडे तपासा

तहसील कचेरीच्या समोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वीजबिलाचे अर्ज टाइप करून द्यायचं काम दर आठवड्याला असतंच, आणि त्यातले बरेच अर्ज दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा दिलेले असतात. माणसाची तक्रार खरी असते, बिल खरोखर चुकलेलं असतं, तरी अर्ज फिरून परत येतो. इतके परत आलेले अर्ज पाहून आता मी मजकुराआधी आकडे वाचते, कारण बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. या लेखात साधे आकडे मी मराठीत लिहिले आहेत. मीटरवर दिसणारे, बिलावर छापलेले आणि अर्जात लिहायचे आकडे मात्र मुद्दाम इंग्रजी ठेवले आहेत. असं का, ते पुढे येईलच.

लक्षणं

तुमची तक्रार आकड्यांमुळे अडली आहे हे पुढच्या गोष्टींवरून ओळखता येतं. पोर्टलवर किंवा मोबाइलच्या मेसेजमध्ये ‘बिल रीडिंगप्रमाणे योग्य आहे’ एवढंच उत्तर येतं आणि तक्रार बंद होते. किंवा खिडकीवरचा माणूस म्हणतो, ‘या महिन्याचं बिल अजून निघालेलंच नाही.’ किंवा दुरुस्त बिल हातात येतं, पण त्यावर तोच आकडा असतो. किंवा वायरमन पाहणीला येतो आणि वेगळ्याच मीटरचं रीडिंग घेऊन जातो. किंवा पहिल्या अर्जाचा नंबर देऊनही ‘नवीन अर्ज द्या’ असं सांगतात.

यातलं काहीही घडलं तरी ‘ते दखलच घेत नाहीत’ असं धरून चालू नका. कार्यालयात तुमचा अर्ज गोष्टीसारखा कुणी वाचत नाही. कारकून तो समोर ठेवतो आणि संगणकावरच्या चौकटी भरतो: ग्राहक क्रमांक, बिलाचा महिना, मागील रीडिंग, चालू रीडिंग, तारीख. मराठी अर्ज शाखा कार्यालयात मराठी माणूस घेतो, पण त्याने भरलेल्या चौकटी पुढे बिलिंगला बसलेला माणूस इंग्रजीत बघतो, आणि त्याला मराठी येत असेलच असं नाही. तुमच्या अर्जातला आकडा दोघांनाही एकच वाटला, तरच काम पुढे सरकतं.

पहिली तपासणी: सगळे आकडे एकाच लिपीत आहेत का

याला पैसा लागत नाही, दोन मिनिटं लागतात, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो.

मराठी आणि इंग्रजी आकड्यांमधले काही हाताने लिहिले की एकमेकांसारखे दिसतात. मराठी ४ वरून मिटला की इंग्रजी 8 होतो. मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो. घाईत काढलेला ५ इंग्रजी 4 वाटतो. पूर्ण संख्या मराठीत असेल तर वाचणारा सावध असतो, डोळा त्या लिपीला लागलेला असतो. खरी पंचाईत होते ती एकाच संख्येत दोन्ही लिप्या मिसळल्या की. शाळा मराठीत झालेली आणि मोबाइल इंग्रजी आकड्यांत, अशी आपली बहुतेकांची सवय आहे. लिहिताना हात कुठून कुठे गेला ते कळतही नाही.

दुकानात आलेलं एक प्रकरण सांगते. एका मावशींचं बिल दरमहा साडेआठशेच्या आसपास यायचं, ते एकदम ₹ 9,230 आलं. मागील रीडिंग 2296, चालू रीडिंग 2897, म्हणजे 601 युनिट. घरात दोन माणसं, एक फ्रीज, दोन पंखे. त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहून दिला: ‘मीटरवर आज 2४१7 रीडिंग आहे, बिल चुकीचे आहे.’ आठ दिवसांनी तक्रार बंद झाली. त्या विचारायला गेल्या तर खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या, “मावशी, तुमच्याच अर्जात 2897 लिहिलंय की. बिलातही तेच आहे. मग चूक कुठे?”

त्या अर्जाची झेरॉक्स माझ्यासमोर आली तेव्हा मीही क्षणभर 2897 च वाचलं. पहिला आणि शेवटचा आकडा इंग्रजी वळणाचा, मधले दोन मराठी. चाराचा आठ झालेला, एकाचा नऊ. मीटरवरचा खरा आकडा 2417 होता. मावशी बरोबर होत्या, मॅडमही त्यांच्या परीने बरोबर होत्या, आणि मधे जवळपास पाचशे युनिटांचा फरक बसला होता.

म्हणून माझा नियम असा आहे की मजकूर मराठीत असो की इंग्रजीत, आकडे सगळे इंग्रजीच. मराठी आकड्यांबद्दल मला कमीपणा वाटतो असं नाही, हा लेख मी त्याच आकड्यांत लिहिते आहे. पण मीटरचा पडदा इंग्रजी आकडे दाखवतो, बिलावर इंग्रजी आकडे छापतात आणि संगणकाच्या चौकटीतही तेच टाइप होतात. जो आकडा जिथून उचलला तो तसाच उतरवला की मधे भाषांतर होत नाही, आणि भाषांतर नाही तिथे चूकही शिरत नाही. हाताने लिहायचं असेल तर आकडे सुटे लिहा. 1 ला वर टोपी आणि 7 ला मधे आडवी रेघ दिली की ते दोघं वेगळे दिसतात.

अक्षरी संख्येवरही विसंबू नका. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ मराठी माणसाच्याही तोंडी गडबडतात. ‘साडेनऊ हजार’, ‘पावणेतीनशे’, ‘अडीच हजार’ हे ज्याला मराठी येत नाही त्याला अजिबात कळणार नाही. बोलताना खुशाल वापरा, अर्जात 9,500 आणि 275 लिहा.

दुसरी तपासणी: रीडिंग म्हणून जे लिहिलं ते खरंच रीडिंग आहे का

आताच्या मीटरचा पडदा एका जागी थांबत नाही, दर काही सेकंदांनी बदलतो. तारीख येते, वेळ येते, व्होल्टेज येतं, कमाल मागणी येते आणि मधे कुठेतरी रीडिंग येतं. मी असे फोटो पाहिले आहेत ज्यात पडद्यावर 120724 आहे आणि अर्जात ‘रीडिंग 120724’ लिहिलं आहे. ती १२ जुलै २०२४ ही तारीख होती.

ओळखायचं कसं? पडद्याच्या कडेला बारीक अक्षरांत `kWh` असं आलं की तो आकडा तुमच्या युनिटांचा. `kW` एकटं असेल तर ती मागणी, `V` असेल तर व्होल्टेज. `kVAh` हा वेगळा हिशेब आहे, नेहमीच्या घरगुती बिलाच्या तक्रारीत तो लिहू नका. पडद्याचे सगळे आकडे एकदा फिरून होऊ द्या, दुसऱ्या फेरीला `kWh` आलं की फोटो काढा.

दुसरा घोळ दशांशाचा. पडद्यावर 2417.3 असेल तर टिंब इतकं बारीक असतं की लोक 24173 लिहितात. मग कारकून म्हणतो, तुमचं रीडिंग तर बिलापेक्षा दहापट आहे, आणि तुमचीच तक्रार तुमच्यावर उलटते. टिंबाच्या उजवीकडचा भाग अर्जात लिहायचाच नाही, कारण बिलाचं रीडिंग पूर्ण आकड्यातच असतं. जुन्या चकतीच्या मीटरवर शेवटचं लाल खूण केलेलं घर दशांशाचं असतं, तेही सोडून द्या.

पडद्यावर धूळ असेल किंवा फोटो तिरपा काढला असेल तर 3 चा 8 होतो, कारण त्या आकड्यांत फक्त दोन रेघांचा फरक असतो. मावशींच्या बिलात मूळ चूक बहुधा हीच झाली होती. त्या दिवशी मीटरवर साधारण 2397 असायला हवं होतं आणि नोंद 2897 ची झाली होती. अनेक बिलांवर रीडिंग घेतानाचा मीटरचा फोटो छापलेला असतो. तक्रार लिहायच्या आधी तो नीट बघा. त्यात आकडा स्वच्छ दिसत असेल आणि बिलातला आकडा वेगळा असेल तर कंपनीचाच पुरावा तुमच्या बाजूने आहे, अर्जात तसं एका वाक्यात लिहा.

फोटो काढताना मीटर क्रमांक त्याच चौकटीत आला पाहिजे. चाळीत किंवा इमारतीत जिन्याखाली दहा मीटर एका ओळीत असतात, आणि नुसत्या आकड्याचा फोटो कुणाचाही असू शकतो. मीटर क्रमांक मीटरवरून वाचा आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. हे दोन क्रमांक जुळले नाहीत तर तुमची तक्रार रीडिंगची राहिली नाही, मीटर अदलाबदलीची झाली. तिचा अर्ज वेगळा करायचा आणि पहिल्या ओळीत तेच लिहायचं.

मूळ फोटो मोबाइलमध्ये ठेवा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या फोटोतून काढल्याच्या तारखेची आतली नोंद निघून जाते. सोपा उपाय म्हणजे एका चिठ्ठीवर तारीख लिहून ती मीटरशेजारी धरायची आणि मग फोटो काढायचा.

तिसरी तपासणी: कोणती तारीख कशाची

एका बिलावर निदान चार काळ असतात. बिलाचा महिना, रीडिंग घेतल्याची तारीख, बिल काढल्याची तारीख आणि भरण्याची शेवटची तारीख. लोक अर्जात लिहितात ‘जुलैचं बिल’. मावशींनीही तसंच म्हटलं होतं. त्यांच्या बिलावर महिना `JUN-2024` होता, रीडिंग ६ जुलैचं, बिल ८ जुलैचं, शेवटची तारीख २९ जुलै. मावशींच्या मनात ते जुलैचं, कारण पैसे जुलैत भरायचे. कारकुनाने जुलै महिना उघडला असता तर त्याला काहीच दिसलं नसतं. ‘बिल अजून निघालेलं नाही’ हे उत्तर असं येतं.

म्हणून महिना बिलावर छापलाय तसाच उतरवा, आणि प्रत्येक तारखेच्या आधी ती कशाची ते लिहा: रीडिंगची, बिलाची, भरण्याची. नुसतं ‘दि. 8 च्या बिलात’ असं लिहू नका.

तारीख लिहायची तर महिना अक्षरात लिहा. 06/07/2024 ही तारीख आपण ६ जुलै म्हणून वाचतो, पण अमेरिकी पद्धतीवर लावलेला संगणक तीच ७ जून म्हणून दाखवतो. बारा तारखेपर्यंतच्या सगळ्या तारखांना हा धोका आहे. मराठीत ‘6 जुलै 2024’ आणि इंग्रजीत `06-JUL-2024` असं लिहिलं की दोन्हीकडे एकच अर्थ निघतो.

‘गेल्या महिन्यात’, ‘मागचं बिल’, ‘परवा’ हे शब्द अर्जातून काढून टाका. अर्ज टेबलावर तीन आठवडे पडतो आणि तोवर ‘गेला महिना’ बदललेला असतो. ‘परवा’ तर आपल्याकडे मागचाही असतो आणि पुढचाही.

चौथी तपासणी: रक्कम कोणती आणि ती लिहायची गरज आहे का

बिलाच्या तळाशी मोठ्या अक्षरात असलेला आकडा म्हणजे या महिन्याचं बिल असेलच असं नाही. त्यात मागची थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज असू शकतं, किंवा तुम्ही आधी जास्त भरलेलं वजा झालेलं असू शकतं. वाद चालू महिन्याचा असेल तर चालू बिलाची रक्कम वेगळी लिहा आणि थकबाकीची वेगळी. दोन्ही एकत्र केल्या की कारकून थकबाकीची चौकशी करतो, ती बरोबर निघते आणि तक्रार बंद होते.

पैसे भरले असतील आणि बिलात दिसत नसतील तर रक्कम, भरल्याची तारीख आणि पावती किंवा व्यवहाराचा क्रमांक ही तिन्ही एकाच ओळीत यायला हवीत. मोबाइलवरून भरलेले पैसे तुमच्या खात्यातून एका तारखेला जातात आणि ग्राहक क्रमांकावर कधीकधी दुसऱ्या दिवशी जमा दिसतात. तुमच्या मोबाइलवर दिसणारी तारीख लिहा आणि ‘खात्यातून वजा झाल्याची तारीख’ असं सांगा.

रक्कम लिहिताना ₹ 9,230.00 असं पैशांसकट लिहा. हाताने ‘9230/-’ लिहिलं तर ती तिरपी रेघ 1 वाटू शकते आणि रक्कम 92301 होते. हे मी एका पतसंस्थेच्या पावतीवर प्रत्यक्ष पाहिलं आहे.

आता ज्यात बहुतेक लोक वेळ घालवतात ती गोष्ट: ‘माझं बिल इतकंच यायला हवं’ असा रकमेचा हिशेब अर्जात करू नका. कारकून रक्कम बदलू शकत नाही. तो रीडिंग बदलतो आणि रक्कम संगणक काढतो. घरगुती वीजदर टप्प्यांनी चढतो. महाराष्ट्रात पहिले १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत महाग, मग ५०० पर्यंत आणखी, आणि त्यापुढचा दर सगळ्यात वरचा. त्यामुळे मावशींचे युनिट सहापट झाले तेव्हा रक्कम जवळपास अकरापट झाली. तुम्ही केलेला रकमेचा हिशेब दोन रुपयांनी चुकला तरी चर्चा त्या दोन रुपयांवर जाते. रीडिंगवर ठाम राहा, रक्कम आपोआप खाली येईल.

पाचवी तपासणी: वजाबाकी

अर्ज द्यायच्या आधी तीन आकडे एका कागदावर लिहा: बिलातलं मागील रीडिंग, बिलातलं चालू रीडिंग, आणि तुम्ही आज मीटरवर पाहिलेलं रीडिंग. प्रत्येकाची तारीख शेजारी.

मावशींचं असं निघालं. ६ जूनला 2296, बिलात ६ जुलैला 2897, आणि १२ जुलैला प्रत्यक्ष मीटरवर 2417. नंतरच्या तारखेचं रीडिंग आधीच्या तारखेच्या रीडिंगपेक्षा कमी आहे. मीटर उलटा फिरत नाही, म्हणजे 2897 हा आकडा ६ जुलैला असूच शकत नव्हता. एवढं एकच वाक्य पुरेसं होतं, आणि पहिल्या अर्जात ते नव्हतं. शिवाय 2417 मधून 2296 वजा केले तर ३६ दिवसांत १२१ युनिट होतात, म्हणजे रोजचे साडेतीनच्या आत. बिलाप्रमाणे रोजचे वीस.

वजाबाकी करताना बिलावरचा ‘गुणक अवयव’ बघा. घरगुती मीटरला तो बहुधा 1 असतो. त्याहून मोठा असेल तर रीडिंगमधला फरक त्याने गुणून युनिट निघतात. दुकानदार आणि लहान कारखानदार हे विसरतात आणि ‘युनिट फुगवले’ अशी तक्रार करतात.

मागच्या काही बिलांवर रीडिंगच्या जागी `LOCKED` किंवा `INACCESSIBLE` असं काही आहे का, तेही बघा. असेल तर त्या महिन्यांत मीटर पाहिलाच गेला नव्हता, सरासरीने बिल आलं होतं. मग खरं रीडिंग मिळतं तेव्हा सगळ्या महिन्यांचे युनिट एकदम पडतात. अशा वेळी रीडिंग बरोबर असतं आणि तक्रार वेगळी करायची असते: हे युनिट तितक्या महिन्यांत विभागून टप्प्यांचा फायदा दिला आहे का, आणि आधी भरलेली सरासरी बिलं वजा केली आहेत का. अर्जात त्या महिन्यांची नावं एकेक करून द्या.

वजाबाकीतून तुमच्या म्हणण्याला आधार मिळाला नाही, म्हणजे आजचं रीडिंग बिलाच्या पुढेच गेलेलं असेल, तर इथे थांबा. बिलाचं रीडिंग बहुधा खरं आहे, आणि हा अर्ज देऊन उपयोग नाही. पुढची शंका मीटरवर किंवा घरातल्या वायरिंगवर घ्यायची.

अर्जाचा सांगाडा

मी मराठीत दोन-तीन वाक्यांचा मजकूर लिहिते आणि खाली आकड्यांच्या ओळी इंग्रजीत देते. पोर्टलच्या चौकटीतही त्याच चिकटवता येतात. ग्राहक क्रमांक आणि मीटर क्रमांक बिलावरून बघून सर्वांत वर टाकायचे. मावशींच्या दुसऱ्या अर्जात पुढे हे होतं:

```
Bill month     : JUN-2024
Prev. reading  : 2296 kWh  on 06-JUN-2024
Bill reading   : 2897 kWh  on 06-JUL-2024
Actual reading : 2417 kWh  on 12-JUL-2024 (photo)
Current bill   : Rs 9230.00, due 29-JUL-2024
Request        : Spot verification, revise reading
```

आणि वर मराठीत: ‘बिलातील 6 जुलै 2024 चे रीडिंग 2897 आहे. 12 जुलै 2024 रोजी मीटरवर प्रत्यक्ष 2417 होते. म्हणजे बिलातील रीडिंग नंतरच्या 12 जुलैच्या रीडिंगपेक्षा जास्त आहे. कृपया जागेवर पाहणी करून रीडिंग दुरुस्त करावे व सुधारित बिल द्यावे.’ रागाचं एकही वाक्य नाही. आधीच्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख सर्वांत शेवटी, एका ओळीत.

वायरमन आठवड्याभरात पाहणीला आला. तो पाहणीच्या कागदावर रीडिंग लिहील तेव्हा शेजारी उभं राहा आणि त्याने लिहिलेला आकडा मोठ्याने वाचायला सांगा, असं मी मावशींना बजावलं होतं. त्यांनी तसंच केलं. शेवटच्या तारखेआधी सुधारित बिल हातात आलं.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच: शिक्का, सही, तारीख. आवक क्रमांक मिळाला तर फारच चांगलं.

सहावी तपासणी: मीटरच शंकास्पद वाटत असेल तर

आकडे सगळे जुळतात, तरी वापर पटत नाही. मग हे घरी करून बघता येतं. घराचा मुख्य एमसीबी बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. तो पाच-दहा मिनिटांतही लुकलुकत राहिला तर मीटर आणि तुमच्या घराच्या मधे काहीतरी वीज खेचतं आहे, किंवा मीटरमध्ये दोष आहे. ‘एमसीबी बंद असताना दिवा लुकलुकतो’ हे तारीख आणि वेळ घालून अर्जात लिहा, आणि तिथून पुढे स्वतः काही करू नका.

दिवा थांबला तर एमसीबी परत चालू करून फक्त १०० वॅटचा एक जुना पिवळा बल्ब लावा, बाकी सगळं बंद. मीटरवर `3200 imp/kWh` असं छापलेलं असेल तर पंधरा मिनिटांत साधारण ८० वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. व्होल्टेजप्रमाणे थोडं कमी-जास्त चालेल. दीडशे वेळा लुकलुकला तर शुल्क भरून मीटर तपासणीचा अर्ज द्यायला कारण आहे, आणि त्या अर्जात हे दोन आकडे लिहायचे.

इथे थांबा आणि जाणकाराला गाठा

मीटरचं सील, झाकण किंवा मीटरआधीची वायर यांना हात लावू नका आणि ओळखीच्या कुणालाही लावू देऊ नका. जिवाचा धोका तर आहेच, शिवाय सील तुटलेलं दिसलं की तक्रार बिलाची राहत नाही, चोरीच्या संशयाची होते. घरात कुठे गळती आहे असं वाटलं तर परवानाधारक विद्युत ठेकेदार बोलवा.

वादाचं बिल भरायची तारीख जवळ आली आणि निकाल लागलेला नसेल तर भरणं टाळू नका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पुरवठा तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी ती हरकत नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. अर्जात ‘हरकत नोंदवून भरत आहे’ असं लिहा, इंग्रजी ओळीत `paid under protest`, आणि रक्कम आकड्यात.

शाखेकडून न्याय मिळाला नाही तर वीज ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्यापुढे मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल. मंचाकडे वकिलाशिवायही जाता येतं, पण मुदत असते, म्हणून तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा.

पण हातातल्या कागदावर ‘कलम १२६’ किंवा ‘कलम १३५’ दिसलं तर माझ्यासारख्या टायपिंगवालीकडे येऊ नका. ते वापराच्या गैरप्रकाराचे आणि वीजचोरीचे आरोप असतात, तो मंच अशा तक्रारी ऐकत नाही. कलम १२६ च्या अंतिम आकारणीवर अपिलाला तीसच दिवस मिळतात, आणि आधी निम्मी रक्कम भरावी लागते. त्याच दिवशी वकिलाकडे जा आणि सोबत आकारणीचा आदेश, तो मिळाल्याची तारीख असलेलं पाकीट आणि मागच्या बारा महिन्यांची बिलं घेऊन जा.